कापूस वेचायला पहिल्यांदा जाताय? किलोचा दर, काटा आणि कट आधी समजून घ्या

दसऱ्याच्या आसपास वावरात सीतादहीची पूजा झाली की विदर्भात वेचा सुरू होतो आणि मग जानेवारीपर्यंत, कधी पऱ्हाटी न उपटता फरदड ठेवली तर त्याच्याही पुढे चालतो. दरवर्षी काही नवीन पोरीबाया टोळीत येतात, काही शहरातून परत आलेले पण येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "यंदा किलोला काय भाव देऊन राहिले?" मी आमच्या टोळीची वही लिहिते, म्हणून सांगते, हा प्रश्नच अर्धवट आहे. दहा रुपये किलो चांगला की वाईट हे नुसत्या दहा आकड्यावरून कळतच नाही, त्या वावरात एका तासात हाताला किती कापूस लागतो त्यावर सगळं आहे. एका वावरात आठ रुपयाने पण चांगले पैसे पडतात आणि दुसऱ्यात पंधराने पण रोज निघत नाही.

तर हे सगळं कसं तपासायचं ते क्रमाने लिहिते. सोयाबीन सोंगणी एकराने गुत्त्यावर जाते, कांदा काढणी एकराने नाहीतर वाफ्यावर जाते, तिथलं गणित थोडं वेगळं, इथे फक्त कापसाचं बोलू.

आधी रोज की किलो ते बघा

रोजाने काम असेल तर सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी पाच-साडेपाच आणि मधे जेवणाची सुट्टी, कापूस कमी निघो की जास्त, पैसे ठरलेले. किलोने असेल तर जेवढा वेचला तेवढे पैसे, यात हात चालणाऱ्या बाईला फायदा आणि मालकाला पण फायदा कारण मागे उभं राहून हाकारावं लागत नाही. वेच्याला बहुतेक ठिकाणी किलोच चालतो.

पण मालक कधी किलो म्हणतो आणि कधी रोज म्हणतो हे नीट बघा. कापूस भरगच्च फुटलेला असताना "चला रोजाने या" आणि पऱ्हाटी विरळ झाली की "किलोने करा" असं होत असेल तर तो दोन्हीकडून आपलंच बघतोय. म्हणून पूर्ण हंगामाचं बोलणं पहिल्याच दिवशी करून घ्यायचं, पहिल्या वेच्याला काय, दुसऱ्याला काय, शेवटच्याला काय. नंतर बोलू म्हटलं की नंतर कोणी बोलत नाही.

वेच्यागणिक वावर बदलतं

साधारण पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने वेचे होतात. पहिल्या वेच्याला खालची बोंडं फुटलेली असतात, वाकून वाकून कंबर जाते पण बोंड मोठं असतं. दुसऱ्याला झाड सगळ्यात जास्त पांढरं दिसतं, तेव्हा ओटी भराभर भरते. तिसऱ्यापासून वरच्या शेंड्याची लहान बोंडं, त्यात बोंडअळीची किडकी, अर्धवट उमललेली, ती टोकरून काढायची म्हणजे बोटं फाटतात आणि वजन काहीच भरत नाही. जी बाई दुसऱ्या वेच्याला तीस किलो आरामात काढते तिचा तिसऱ्याला सोळा-सतरा किलोवर दिवस जातो, मेहनत मात्र तेवढीच किंवा जास्त.

म्हणजे दर तोच राहिला तर मजुरी गुपचूप निम्म्यावर येते आणि कोणी काही कमी केलं असं वाटत पण नाही. नवीन माणसं इथेच फसतात. त्यांना वाटतं आपलाच हात चालत नाही. हात नाही, वावर रिकामं झालंय.

दर ठरवण्याआधी एक तास वेचून बघा

हे आमच्या टोळीत नियमाने होतं. नव्या वावरात गेलो की आधी दर पक्का करायचा नाही, मालकाला सांगायचं की तासभर वेचतो, मग बोलू. बहुतेक जण मानतात, कारण त्यांनाही टोळी टिकवायची असते.

तासानंतर वजन करायचं, पण टोळीतल्या सगळ्यात वेगवान बाईचं नाही, मधल्या हाताच्या दोघी-तिघींचं. आणि ज्या बाईसोबत तिचं पोरगं वेचत असेल तिचं अजिबात धरायचं नाही, कारण तिच्या गाठोड्यात दोन जणांचा कापूस असतो आणि मालक नेमकं तेच गाठोडं दाखवून म्हणतो "बघा, एका बाईने चाळीस किलो काढला". पोरांना वावरात नेऊच नये हे खरं, पण आकडा असा फुगतो हे माहीत असू द्या.

आता गणित. समजा तासाला मधल्या हाताचा चार किलो निघाला. दिवसात हातात खरे सात तास असतात, म्हणजे अठ्ठावीस किलो, पण दुपारनंतर ऊन आणि थकवा, शिवाय गाठोडं धुऱ्यावर नेऊन ओतायला जाणारा वेळ, म्हणून पंचवीस धरा. तुमच्या गावात त्या वेळी बाईचा रोज समजा तीनशे चालू आहे. तीनशे भागिले पंचवीस, म्हणजे बारा. बारा रुपयाच्या खाली दर असेल तर रोजाने गेलेलं बरं. किलोवर काम करताना जोर जास्त लागतो म्हणून खरंतर त्याच्या वरच मागायला पाहिजे.

आता तेच वावर तिसऱ्या वेच्याला. तासाला अडीच किलो, दिवसाला सोळा. तीनशे भागिले सोळा म्हणजे जवळजवळ एकोणीस रुपये. एवढा दर मालक देत नाही आणि त्याचंही ऐकून घ्या, 2025-26 ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7710 रुपये क्विंटल होता, म्हणजे किलोला सत्याहत्तर, त्यातले एकोणीस नुसत्या वेचाईला गेले तर चौथा हिस्सा गेला. वर तिसऱ्या वेच्याचा माल कवडी म्हणजे किडका-डागी निघतो आणि हमीभावात बसतच नाही. त्यामुळे शेवटच्या वेच्याला किलोचा हट्ट दोघांनीही सोडायचा आणि रोज ठरवायचा, मालकाला वाटलं परवडत नाही तर तो पऱ्हाटी उपटून गहू-हरभरा करतो, ते त्याचं त्याने ठरवावं. मजुराच्या अंगावर तोटा ढकलून फरदड ठेवू नये एवढंच.

वरच्या हिशोबात मी तीनशे धरला तो बायांचा रोज. त्याच गावात माणसाचा रोज चारशे-पाचशे असतो आणि वेचणीचा किलोचा दर मात्र नेहमी बायांच्या रोजावरून निघतो, कारण "वेचणी बायांचंच काम". वेचण्यात बाई माणसाच्या पुढे असते हे कोणताही शेतकरी सांगेल. एकाच कामाला बाई-माणूस म्हणून वेगळी मजुरी देता येत नाही हे 1976 च्या समान वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे आणि नव्या वेतन संहितेत पण आहे. बोलणी करताना हे काढायला लाजू नका.

काटा तपासा

किलोचं काम म्हणजे काटा म्हणजे पैसा. लटकवायचा स्प्रिंगचा ताणकाटा असेल तर आधी रिकामा लटकवून बघायचा, काटा बरोबर शून्यावर आहे का. वजन करताना गाठोडं जमिनीला, झाडाला किंवा कुणाच्या गुडघ्याला टेकलेलं नको, आणि आकडा समोरून वाचायचा, बाजूने वाचला की अर्धा-एक किलो इकडचा तिकडे. इलेक्ट्रॉनिक असेल तर आकडा थांबेपर्यंत थांबा, हलत्या आकड्यावर "चला सव्वीस" म्हणून पुढे जायचं नाही.

खरा आहे का हे कळायला ओळखीचं वजन पाहिजे. सोप्पा उपाय, मालकाच्या घरी युरियाची न फोडलेली गोणी असतेच, ती 45 किलोची असते (जुन्या माणसांच्या डोक्यात अजून पन्नास आहे, आता पंचेचाळीसच येते, गोणीवर छापलेलं असतं, वाचून घ्या). ती लावा. पिशवीचं वजन धरून काटा पंचेचाळीसच्या किंचित वर दाखवायला पाहिजे. त्रेचाळीस-साडेत्रेचाळीस दाखवत असेल तर तीस किलोमागे एक किलो तुमचा जातोय. गोणी नसेल तर पाण्याच्या एक लिटरच्या पाच सीलबंद बाटल्या पिशवीत घालून लटकवा, पाच किलोच्या थोडंसं वर दाखवलं पाहिजे.

बऱ्याच जणांना वाटतं काट्याचा कायदा फक्त दुकानदाराला. तसं नाही. वजन करून मजुरी ठरते तो पण कायद्याच्या भाषेत व्यवहारच आहे, वैधमापन कायद्यात काम मोजणं आणि देय मजुरी ठरवणं हे शब्द लिहिलेले आहेत. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षाला करून शिक्का घ्यावा लागतो. आता प्रत्येक शेतकऱ्याच्या काट्यावर शिक्का शोधत बसाल तर अर्ध्या गावाशी भांडण होईल, ते मी करा म्हणत नाही. पण युरियाच्या गोणीवर काटा चुकला आणि मालक मानत नसेल तर कुणाकडे जायचं हे माहीत असावं, वैधमापन शास्त्र निरीक्षक तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला असतो.

कट: खरी किती आणि लावलेली किती

कट म्हणजे वजनातून वजा केलेले किलो. दोन कारणं सांगितली जातात, एक गाठोड्याचं कापड आणि दुसरं ओल.

कापडाचं सोपं आहे. रिकामी चादर किंवा पोतं एकदा काट्यावर ठेवा. साधी चादर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पण रिवाज म्हणून "एक किलो कट" लावली जाते, म्हणजे दर वजनाला अर्धा किलो फुकट, आणि दिवसातून दोनदा वजन झालं तर किलोभर. सहा बायांची टोळी, बारा रुपये दर, दिवसाला बहात्तर रुपये. तेव्हा जेवढं कापड भरेल तेवढंच वजा, ग्रॅमवर. इलेक्ट्रॉनिक काट्यात रिकामी चादर ठेवून शून्य करायचं बटण असतंच, तेवढं दाबलं की वादच संपला.

ओलीचं मात्र मालक अगदीच खोटं बोलत नाही. सकाळी दव असताना वेचलेला कापूस जड भरतो आणि दोन दिवसात घरात वाळून हलका होतो. जिनिंगवर, सीसीआय म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत पण, आठ टक्के ओल धरून भाव असतो, त्याच्या वर बारापर्यंत भाव कापतात आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे ओल्या वजनाचे पैसे तुम्हाला दिले तर ते त्याला परत मिळत नाहीत.

मग खरी कट किती? समजा सकाळचा कापूस सोळा टक्के ओलीचा निघाला, तर त्यातला बारा किलो वाळून आठ टक्क्यावर आला की अकराच्या जवळ राहतो. म्हणजे बारा किलोला साधारण एक किलो कट ही रास्त आहे. पण ती फक्त सकाळच्या मालाला! दुपारी अकरा-साडेअकरानंतर वेचलेल्या कापसात दव कुठून येणार. म्हणून दोन वजनं करायची, जेवणाच्या वेळेला सकाळचं, संध्याकाळी दुपारचं, आणि ओलीची कट फक्त पहिल्याला. संध्याकाळी एकदाच सगळं मोजून तीसला तीन किलो कट लावत असतील तर ती दवाची कट नाही, ती मजुरीच कापली. त्याहून सोपं म्हणजे दव उतरल्यावरच वेचायला सुरुवात करायची आणि ओलीची कट ठेवायचीच नाही, मालकाचा माल पण चांगला राहतो, पण मग सुट्टीची वेळ त्याप्रमाणे पुढे जाते हे आधी बोलून घ्या.

पाला-पाचोळा आणि किडका कापूस मिसळला म्हणून कट लावणं, हे आपल्या हातात आहे. कवडी वेगळ्या पिशवीत ठेवा, विषयच येत नाही. पण कवडी पण वेचलीच आहे ना, तिचं वजन सोडून देऊ नका, त्याचा दर वेगळा ठरवा.

वही लिहा, आणि एकीने नाही, दोघींनी

मालकाची वही असते, मुकादमाची पण असते. तिसरी तुमची पाहिजे. दर बाईच्या नावापुढे तारीख, कुठलं वावर, कितवा वेचा, काट्यावर दिसलेले किलो, कट, बाकी किलो, दर, मिळाले किती, राहिले किती. काट्यावरचे किलो आणि कट हे दोन वेगळे लिहायचे, नुसता उरलेला आकडा लिहिला की कट कधी एकची दोन झाली ते कळत नाही. काट्याचा फोटो मोबाईलवर काढून टोळीच्या ग्रुपवर टाकला तर तारीख-वेळ आपोआप येते.

उचल घेतली असेल तर ती पण त्याच पानावर, आणि दर आठवड्याला किती वळती केली ते. टोळी बाहेरगावची असेल तर ऑटोचं भाडं कोण देणार, मुकादमाचं कमिशन मालकाकडून की बायांच्या किलोमधून, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. आमच्याकडे भाडं मालक देतो, पण काही ठिकाणी दर बारा सांगून वरून दोन रुपये मुकादम ठेवतो आणि बायांना वाटतं दर दहाच आहे. मालकाला तोंडावर विचारा, तुम्ही मुकादमाला किलोमागे काय देता?

आता एक युक्ती सांगते जी फार कमी लोक वापरतात. कापूस विकला गेला की जिनिंगची काटापावती निघते. टोळीने त्या वावरातून वेचलेल्या, कट जाऊन उरलेल्या किलोंची बेरीज समजा 1020 आली. कापूस घरात पडून वाळतो, थोडा सांडतो, म्हणून पावतीवरचं वजन बेरजेपेक्षा थोडं कमीच असलं पाहिजे, किंवा फार तर तेवढंच. तेच 1060 आलं तर कापूस घरात बसून वाढत नाही! एक तर काटा कमी दाखवत होता नाहीतर कट जास्त लागली. अर्थात घरच्या माणसांनी वेचलेला किंवा दुसऱ्या वावराचा माल त्यात मिसळलेला नसेल तरच हे जुळवता येतं, आणि पावती दाखवायला मालक बांधील नाही, पण वाटेकरी किंवा गाडीवाला ओळखीचा असेल तर आकडा कळतोच.

पैसे अडले तर

शेतीकामाला सरकारने दिवसाचा किमान दर ठरवलेला असतो आणि तो बदलत राहतो, चालू आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. महत्त्वाची गोष्ट अशी की कामाचा किमान दर दिवसावर ठरलेला असताना तुम्हाला किलोवर लावलं, तरी त्या दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. हे 1948 च्या किमान वेतन कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पण आहे. म्हणजे तिसऱ्या वेच्याला दिवसभर राबून किलोप्रमाणे एकशे साठ झाले आणि मालक म्हणाला "किलोचं ठरलं होतं", तरी ते ठरणं कायद्यापुढे टिकत नाही.

त्याच संहितेत रोजाचे पैसे त्या दिवसाचं काम संपल्यावर द्यायचे आणि आठवड्यावर ठरलं असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यायचे असं आहे. "कापूस विकला की देतो" हे गावात सर्रास चालतं, कधीकधी मालकाची खरंच अडचण असते कारण भाव पडलेला असतो आणि तो वाट बघत असतो, पण ती उधारी आहे हे समजून द्यायची. दोन आठवड्याच्या वर साठू देऊ नका, साठलं तर वहीत मालकाची सही घ्या.

एवढं करून नाहीच दिले तर आधी गावातच बघायचं, तंटामुक्ती समिती, पोलीस पाटील, आणि एकटीने नाही, सगळ्या टोळीने एकत्र जायचं. पाच-सात हजाराच्या बाकीला हाच मार्ग लवकर लागतो. नाही जमलं तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. साध्या कागदावर चालतो: तुमचं नाव-गाव, मालकाचं नाव-गाव, शेत कुठलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम, किती किलो, ठरलेला दर, मिळालेले पैसे, राहिलेले पैसे, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि काट्याचे फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. मागणी करायला नव्या संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे "हंगाम संपला, आता काय" म्हणून गेल्या साली सोडून दिलेली बाकी असेल तर तिचीही पानं काढून ठेवा.